गझलेचे शेर सुटे कसे ठेवायचे

गझलेत प्रत्येक शेर एकटा उभा राहायला हवा, पण तू दाखवलेल्या गझलेतले शेर एकाच गोष्टीचे तुकडे वाटतायत, दुसऱ्या शेरातला 'तिचा' कोणाचा ते पहिला वाचल्याशिवाय कळतच नाही. माझे हे दोन बघ, मतल्यानंतरचे, म्हणजे पहिल्या शेरानंतरचे:

कापणी झाली, रिकामे शेत हे
पाखरांना चार दाणे राहिले

माय गेली आणि जात्याभोवती
गुंजणारे एक गाणे राहिले

एक शेतातला, एक घरातला, कुठलाही एकटा वाच, अर्थ पूर्ण लागतो. वृत्त आणि यमक जुळवणारा काफिया (दाणे, गाणे) सारखे आहेतच, पण खरं बांधतोय तो शेवटी तसाच येणारा 'राहिले' हा रदीफ, दोन्हीकडे काहीतरी संपलंय नि थोडंसं उरलंय. म्हणून आधी रदीफ नीट निवड. मी 'शहाणे राहिले' घेऊनही एक टोमणेवजा शेर लिहिला होता, वृत्तात चोख बसत होता पण या दोघांशेजारी सूरच बिघडला, काढला.