पोहे खाऊन दिलेलं लिपिड प्रोफाइल: पुन्हा करायचं का?

प्रश्न: आई ६४ वर्षांची, मधुमेह आहे, साखरेची गोळी रोज घेते, कोलेस्टेरॉलची अजून सुरू नाही. मुलुंडला घरी येऊन रक्त घेणारा मुलगा सातला येणार होता, आला साडेदहाला. तोवर तिने साडेआठला पोहे आणि चहा घेतला होता. रिपोर्ट आलाय: एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १९८, एलडीएल १२८. आता लॅबवाले म्हणतात हे ग्राह्य नाही, बारा तास उपाशी ठेवून परत द्या. खरंच परत द्यायला हवं का?

उत्तर:

लिपिडसाठी नको. त्याच रक्तात उपाशीपोटीची साखरही केली असेल, तर तो आकडा मात्र सोडून द्या. पोहे-चहानंतरच्या साखरेला ‘फास्टिंग’ म्हणता येत नाही. लिपिडचे चारही आकडे वाचण्याजोगे आहेत. मी परळच्या एका रुग्णालयात बायोकेमिस्ट्रीत बरीच वर्षं काम केलंय. हा प्रश्न काउंटरवर रोज यायचा, आणि ‘उपाशी या’ सांगून मोकळं होणं आम्हालाही सोपं वाटायचं.

बारा तासांचा नियम आला कुठून, ते आधी बघू. रिपोर्टवर चार आकडे दिसत असले तरी बऱ्याच लॅब तीनच मोजतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. एलडीएल गणिताने काढतात. एलडीएल खरोखर वेगळं करून मोजायचं तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागायचं, आणि ते रोजच्या कामात कुणाला परवडणार? १९७२ साली फ्रिडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांनी एक सुटसुटीत सूत्र दिलं:

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

आईंचे आकडे घालून बघा. १९८ भागिले ५ म्हणजे साधारण ४०. २१२ मधून ४४ गेले, ४० गेले, उरले १२८. म्हणजे तुमच्या लॅबनेही हेच सूत्र वापरलंय.

यातला ‘भागिले ५’ हा सगळ्या उपासाचं मूळ. यकृतातून बाहेर पडणाऱ्या व्हीएलडीएल नावाच्या कणांत कोलेस्टेरॉलच्या साधारण पाचपट ट्रायग्लिसराइड असतं, असं सूत्र धरून चालतं. उपाशी माणसाच्या रक्तातलं बहुतेक ट्रायग्लिसराइड याच कणांत असतं, त्यामुळे हिशेब जमतो. जेवल्यावर मात्र आतड्यातून आणखी एका जातीचे कण येतात, कायलोमायक्रॉन. ते जवळपास निव्वळ चरबीने भरलेले असतात, कोलेस्टेरॉल त्यांत अगदी थोडं. सूत्राला हा फरक कळत नाही. समजा कायलोमायक्रॉनमधून १०० ट्रायग्लिसराइड आलं, तर सूत्र त्यापोटी २० कोलेस्टेरॉल वजा करतं. प्रत्यक्षात त्यात फार तर चार-पाच असतं. वरचे पंधरा फुकट वजा झाले, आणि एलडीएल खऱ्यापेक्षा तेवढं कमी छापून आलं. लक्षात घ्या, चूक नेहमी याच बाजूला होते. जेवणाने एलडीएल खोटं वाढत नाही, झालंच तर खोटं कमी दिसतं. ‘खाऊन गेलो म्हणून कोलेस्टेरॉल जास्त आलं’ असं सांगणारे खूप भेटतात. एलडीएलच्या बाबतीत ही पळवाट चालत नाही.

आता खरा मुद्दा: रोजच्या जेवणाने १०० वाढतं का? सहसा नाही. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड खूप चढतं ही समजूत मुख्यतः ज्या प्रयोगांतून आली, त्यांत लोकांना एका बैठकीत भरमसाट चरबी पाजलेली असायची. साधं खाणं खाल्लेल्या हजारो लोकांचं रक्त कोपनहेगनच्या लोकसंख्या-अभ्यासांत तपासलं, तेव्हा फरक किरकोळ निघाला. सरासरीने ट्रायग्लिसराइड जास्तीत जास्त २६ ने वाढतं, एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल प्रत्येकी ८ ने उतरतं, एचडीएल हलत नाही. ते आठ उतरतात त्याचं बरंचसं कारण तर जेवणाबरोबर पोटात गेलेलं पाणी, त्याने रक्त जरा पातळ होतं. शिवाय एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड, रोज नीट उपाशी ठेवून मोजलं तरी, एका दिवसातून दुसऱ्या दिवशी वीस टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होतं. म्हणजे पोह्यांनी पडणारा फरक या रोजच्या चढउताराएवढाच आहे.

डेन्मार्कमध्ये २००९ पासून उपास न करता घेतलेलं रक्तच नेहमीच्या तपासणीला चालतं. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ मध्ये हेच सुचवलं, आणि आपल्याकडे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जोखीम ठरवायला आणि उपचारांसाठीही उपास नको म्हटलंय. तरीही आपल्या लॅबच्या पावतीवर ‘१२ तास उपाशी’ छापलेलं असतं. त्याचं साधं कारण म्हणजे पॅकेज. त्यात उपाशीपोटीची साखर असते, तिला उपास लागतोच, मग लिपिडही त्याच नळीभर रक्ताबरोबर जातं.

आईंच्या आकड्यांकडे परत येऊ. सरासरीचा फरक धरला तर उपाशीपोटी एलडीएल १३६ च्या आसपास आलं असतं. पण त्यांना मधुमेह आहे, आणि मधुमेहींमध्ये खाल्ल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत एलडीएल याहून जास्त, म्हणजे २० ते २५ नेही खाली दिसू शकतं. रक्त नेमकं दोन तासांनी घेतलंय. तेव्हा अगदी वाईट धरू: १५३. आता १२८, १३६ आणि १५३ हे तीन आकडे डॉक्टरांपुढे ठेवा. ६४ वर्षांच्या मधुमेही व्यक्तीला स्टॅटिनचा विचार वयावरून आणि मधुमेहावरूनच होतो, आणि एलडीएल १०० च्या, बऱ्याचदा ७० च्याही खाली आणायचं असतं. तिन्ही आकड्यांवर निर्णय तोच. ज्या तपासणीने निर्णय बदलणार नाही, तिच्यासाठी आईंना परत टोचायचं कशाला?

डॉक्टरांशी बोलताना आणखी एक आकडा बरोबर न्या, बऱ्याच रिपोर्टवर तो छापलेलाच असतो: नॉन-एचडीएल. एकूणमधून एचडीएल वजा केलं की झालं, आईंचं १६८. यात ट्रायग्लिसराइडचा भागाकार येत नाही, त्यामुळे कायलोमायक्रॉनची ती गडबडही येत नाही. खाल्लेल्या पोटी घेतलेल्या रक्तात मी सगळ्यात आधी हाच बघतो. ट्रायग्लिसराइडचं म्हणाल, तर उपाशीपोटी १५० ची रेघ धरतात, खाल्ल्यावर १७५ ची. आईंचं १९८ दोन्हींच्या वर आहे. पण मधुमेहात ट्रायग्लिसराइड बहुधा साखरेच्या मागे-मागे चालतं, तेव्हा आधी एचबीए१सी किती आहे ते बघा.

मग उपास लागतो कधी? मुख्य खूण म्हणजे ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर येणं. एक उदाहरण घेऊ: एकूण २४०, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ४६०. सूत्र म्हणेल ४६० चे ९२ वजा करा, एलडीएल ११२. हा आकडा छापायलाच नको. ४०० च्या वर सूत्र चालत नाही हे त्या तिघांनीच सांगून ठेवलंय, आणि चांगली लॅब त्या रकान्यात आकडा न देता ‘काढता येत नाही’ असं लिहिते किंवा एलडीएल थेट मोजते. तरी काही सॉफ्टवेअर निमूटपणे ११२ छापतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी ट्रायग्लिसराइड बघा, मग एलडीएल. अशा माणसाला बारा तास उपाशी ठेवून पुन्हा बोलवावं. आदल्या रात्री दारू नको, नाहीतर उपास करूनही आकडा चढलेलाच दिसेल.

हे रक्त नळीतच ओळखू येतं. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीत जेलच्या वर सीरम नेहमी फिकट पिवळं, पारदर्शक असतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड खूप असलेलं सीरम पाणी घातलेल्या दुधासारखं गढूळ दिसतं, मागचं अक्षर दिसेनासं होतं. ती नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि सकाळी वर सायीसारखा थर जमून खालचं स्वच्छ राहिलं, तर तो थर कायलोमायक्रॉनचा. खालचंही गढूळच राहिलं, तर व्हीएलडीएल वाढलंय, आणि तो दोष एका जेवणाचा नाही. दुधाळ सीरमने सोडियमसारखे इतर आकडेही बिघडू शकतात, म्हणून तंत्रज्ञ अशी नळी बाजूला काढून शेरा लिहितो. तुमच्या रिपोर्टवर ‘लायपेमिक’ असा शेरा नसेल, तर त्या बाबतीत निर्धास्त राहा.

याशिवाय ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीपासून फार जास्त आहे आणि त्याचीच औषधं चालू आहेत, ज्यांना त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेलीय, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनसारखं ट्रायग्लिसराइड वाढवणारं औषध सुरू करायचंय, त्यांनी उपाशीपोटी द्यावं. घरात लहान वयात हार्ट अटॅक आलेले असतील, तर बरेच डॉक्टर पहिली तपासणी उपाशीपोटीच मागतात. बाकीच्यांनी, म्हणजे पहिल्यांदा बघणाऱ्यांनी आणि स्टॅटिन चालू असून एलडीएल किती उतरलं ते बघणाऱ्यांनी, नेहमीसारखं खाऊन गेलं तरी चालतं. फक्त लग्नाच्या पंगतीतून उठून थेट लॅबमध्ये जाऊ नका. आणि तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा सारखंच, एकदा उपाशी आणि एकदा खाऊन असं नको.

मला या प्रकरणात लिपिडपेक्षा त्या साडेदहाची जास्त काळजी वाटली. मुंबईत रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. सातला येणारा मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकून साडेदहाला पोचला, तर बारा-तेरा तास होऊन जातात. साखरेची गोळी घेणाऱ्या किंवा इन्शुलिन टोचणाऱ्या माणसाला हे महागात पडू शकतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सवयीने सकाळी घेतली आणि रक्त द्यायचं म्हणून खाल्लं नाही, तर साखर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात. काउंटरवर आम्ही अशा लोकांना आधी ग्लुकोज द्यायचो आणि पावती मग बघायचो. आईंनी पोहे खाल्ले हे चांगलंच झालं.

पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, एचबीए१सी आणि लिपिड एवढंच चालेल का. दोन्हींना उपास लागत नाही. दुपारी चारला बोलवा, तेव्हा रक्त घेणाऱ्या मुलांना गर्दीही कमी असते. फॉर्मवर शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते लिहायला सांगा. उपाशीपोटीची साखर हवीच असेल, तर पहिली वेळ मागून घ्या, सकाळची साखरेची गोळी रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यायची का ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि मुलगा आठपर्यंत आला नाही तर आईंना सरळ नाश्ता द्या. साध्या पाण्याला कधीच बंदी नाही, उलट पाणी प्यायलेल्या माणसाची शीर लवकर सापडते.