‘म्हणाले’ऐवजी ‘स्पष्ट केलं’ चालेल का?

प्रश्न: बातमीत दर वाक्याला ‘म्हणाले’ नको म्हणून ‘स्पष्ट केलं’, ‘कबूल केलं’, ‘दावा केला’ असं आलटून पालटून लिहिलं तर चालतं ना? आणि अवतरणचिन्हं काढली की ‘मी’चं ‘आपण’ करायचं का?

आलटून पालटून नका लिहू, कारण हे शब्द समानार्थी नाहीतच. ‘कबूल केलं’ म्हटलं की वाचकाला वाटतं आधी काहीतरी लपवत होते, ‘दावा केला’ म्हटलं की लिहिणाऱ्यालाच पटलेलं नाही असं दिसतं, आणि ‘निदर्शनास आणून दिलं’ लिहिलंत की ती गोष्ट खरी आहे हे तुम्हीच मान्य करून बसलात. ‘म्हणाले’ आणि ‘सांगितलं’ यांना असा वास नाही, दहादा आले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

समजा पाणीपुरवठ्याचे इंजिनियर म्हणाले, “पाऊस लांबला तर १५ तारखेनंतर दिवसाआड पाणी द्यायचा विचार करावा लागेल, अजून काही ठरलेलं नाही.” याचं होतं काय, तर ‘१५ तारखेपासून दिवसाआड पाणी देणार असल्याचं त्यांनी स्पष्ट केलं’. बघा, ‘लांबला तर’ ही अट उडाली, ‘नंतर’चं ‘पासून’ झालं, विचाराचा निर्णय झाला आणि वर ‘स्पष्ट केलं’चा शिक्का, जिथे माणूस मुद्दाम मोघम बोललाय! लहान करायचंच तर ‘पाऊस लांबल्यास १५ तारखेनंतर दिवसाआड पाणी देण्याचा विचार करावा लागेल, मात्र अद्याप निर्णय झालेला नाही, असं ते म्हणाले’ एवढं पुरतं. मी स्वतः तपासताना मूळ वाक्यातले ‘तर’, ‘कदाचित’, ‘लागेल’, ‘शकतो’ असे शब्द अधोरेखित करतो आणि ते माझ्या वाक्यात कुठे गेले ते शोधतो, बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

आता ‘आपण’. हो, करायचं, आणि त्याला कारण आहे. ‘मी निवडणूक लढवणार नाही’ याचं ‘ते निवडणूक लढवणार नाहीत, असं ते म्हणाले’ केलं तर पहिले ‘ते’ कोण, स्वतः की दुसराच कोणी, कळत नाही. ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असं ते म्हणाले’ म्हणजे बोलणारा स्वतः, विषय संपला. (इंग्रजी बातमीत इथे ‘ही’च येतो, तिथून घाईत भाषांतर केलं की हा घोळ हमखास होतो.)

पण मूळ वाक्यातच ‘आपण’ असेल तर जपून. ‘आपण पाणी जपून वापरलं पाहिजे’ हे सगळ्यांना उद्देशून होतं, ते तसंच ठेवलं तर साहेब एकटेच पाणी जपून वापरणार असं वाटायचं, म्हणून तिथे ‘सर्वांनी’ लिहा. ‘आम्ही’चंही तसंच, ‘आम्ही चौकशी करू’ याचं ‘महापालिका चौकशी करेल’ तेव्हाच होतं जेव्हा माणूस महापालिकेच्या वतीने बोलत होता, फक्त स्वतःच्या विभागाबद्दल असेल तर विभागाचंच नाव द्या, आणि नक्की माहीत नसेल तर फोन करून विचारा, नाहीतर त्यांचं वाक्य आहे तसं अवतरणातच ठेवा.