चिनीतला 'मा' आणि आपला 'का'

"'मा' लावला की प्रश्न होतो असं शिकवलं होतं. मग मी 'नी ह शन्म मा?' (तू काय पितोस?) असं लिहिलं, तर बाईंनी 'मा' का खोडला? आणि 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्यात नेमके कुठे ठेवायचे?"

बाईंनी बरोबर खोडला. 'तू काय पितोस का?' असं मोठ्यानं म्हणून बघा, म्हणजे कानाला कारण कळेल. 'मा' हा 'हो की नाही' विचारणारा आपला 'का' आहे. 'नी ह छा' म्हणजे 'तू चहा पितोस', 'नी ह छा मा?' म्हणजे 'तू चहा पितोस का?'. मूळ वाक्यातला एकही शब्द हलत नाही. उत्तरातही 'हो' शोधू नका, क्रियापदच परत म्हणायचं: 'ह' (पितो) किंवा 'पू ह' (पीत नाही). 'शन्म' (काय) आला की प्रश्न त्यानंच विचारून झालेला असतो, म्हणून 'नी ह शन्म?' एवढंच पुरतं. (उच्चार कानाला लागतात तसे लिहिले आहेत. तुमच्या पुस्तकातल्या रोमन लिपीत 'पू' हा bù असेल.)

गंमत अशी की 'नी श्यांग ह त्यार शन्म मा?' हे वाक्य मात्र चालतं. इथे 'शन्म'चा अर्थ 'काय' नसून 'काही' आहे: 'थोडं काही प्यायचंय का?' आपण 'काय' आणि 'काही' असे दोन शब्द ठेवले, चिनीचं एकात भागतं. शेवटचा 'मा'च सांगतो की आता हा 'काही' आहे. तुमचं खोडलेलं वाक्यही त्यामुळे 'काही पितोस का?' या अर्थाकडे झुकतं, पण तुम्हाला ते विचारायचं नव्हतं.

आता जागा. आधी उत्तर लिहा आणि उत्तराचा शब्द काढून तिथेच प्रश्नशब्द बसवा. 'वो ह छा' (मी चहा पितो) यातला 'छा' काढला की 'नी ह शन्म?'. चिनीत कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून 'शन्म' शेवटी गेला. मराठी कानाला तो क्रम 'तू पितोस काय?' असा लागतो, आणि 'हो' म्हणायचा मोह होतो. सुरुवातीला माझंही तसंच व्हायचं.

पण प्रश्नशब्द नेहमी शेवटीच, असा नियम करून घेऊ नका. 'मी पुण्यात काम करतो' याच्या चिनी वाक्यात ठिकाण क्रियापदाआधी येतं, म्हणून 'नी त्साय नार कुंग्त्सुओ?' (तू कुठे काम करतोस?). 'जाणे'ला मात्र ठिकाण मागून लागतं: 'नी छ्यू नार?' (तू कुठे जातोस?). 'नार' तोच, जागा वेगळी. वेळही क्रियापदाआधीच: 'नी शन्म शृहौ ह छा?' (तू चहा केव्हा पितोस?).

हे शब्द आपल्यासारखे इकडेतिकडे हलवता येत नाहीत, कारण चिनीत विभक्ती नाही. 'कुणाला विचारलंस तू?' हे आपण कसंही फिरवतो, 'ला' सांभाळून घेतो. चिनीत 'शेय् वन नी?' म्हणजे 'तुला कोण विचारतं?' आणि 'नी वन शेय्?' म्हणजे 'तू कुणाला विचारतोस?'. अर्थ सगळा जागेवर.

तिसरी तऱ्हा 'नी ह पू ह छा?', शब्दशः 'तू पितोस-नाही-पितोस चहा?'. आपल्या 'पितोस की नाही?'मध्ये जो वैताग डोकावतो तो यात असेलच असं नाही, साधा प्रश्नही असाच विचारतात. दोन्ही पर्याय आधीच मांडलेले असल्यामुळे इथेही 'मा' नको. 'जवळ असणे' या अर्थाच्या 'यौ'चा नकार 'पू'नं होत नाही, 'मे'नं होतो, म्हणून तिथे 'यौ मे यौ?' (आहे की नाही?). आणि वाक्यात 'ये' (सुद्धा) असेल तर ही तऱ्हा चालत नाही. 'तूसुद्धा पितोस का?' याला 'नी ये ह छा मा?' हेच हवं.

मराठी माणूस खरा अडकतो तो पुढे. 'तो चहा पितो का, मला माहीत नाही' असं आपण सहज म्हणतो, आपला 'का' मोठ्या वाक्याच्या पोटात शिरतो. 'मा' तसा शिरत नाही. 'वो पू चृताओ था ह छा मा' हे या अर्थानं चूक, कारण शेवटचा 'मा' तुमच्या कबुलीलाच प्रश्न करू पाहतो. तिथे वरची 'ह पू ह' ही तिसरी तऱ्हा लागते: 'वो पू चृताओ था ह पू ह छा'. प्रश्नशब्दाला ही अडचण नाही: 'वो पू चृताओ था ह शन्म', तो काय पितो मला माहीत नाही. वहीत 'माहीत नाही', 'विचारून बघ' अशी सुरुवात असलेली वाक्यं शोधा आणि त्यांच्या शेवटी 'मा' लावलाय का ते तपासा. बाईंची पुढची लाल रेघ बहुधा तिथेच असेल.