बसून लघवी करण्याची वेळ का आली?

‘ताई, मी ४१ वर्षांचा आहे. वर्षभरापासून लिंगाच्या टोकाची कातडी पांढरी पडून कडक झाली आहे, मागे सरकत नाही आणि लघवी करताना झोंबते. मेडिकलमधून आणलेली मलमे लावून झाली. सर्जन म्हणाले की हा लायकेन स्क्लेरोसस आहे आणि सुंता करावी लागेल. पण आई म्हणेल, आपल्यात असे करत नाहीत. आणि पत्नीला वाटेल, मी बाहेरून रोग आणला. दोघींची समजूत कशी घालू? बाकी तसे चालले आहे. धार फाटून बाजूला जाते, म्हणून हल्ली बसूनच लघवी करतो, एवढेच.’

तुमचे पत्र वाचताना मी त्या शेवटच्या ‘एवढेच’पाशी थांबले. आई काय म्हणेल यावर तुम्ही इतका विचार केलात आणि धार फाटते ही गोष्ट जाता जाता लिहून मोकळे झालात, याचा मला खरोखर राग आला आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची बाब तीच आहे.

या आजारात कातडीला दीर्घकाळ सूज राहते आणि तिची लवचीकता जाऊन तिथे व्रणासारखा कडक, पांढरा पट्टा तयार होतो. पिशवीची नाडी आवळावी तसे टोकाचे तोंड आवळत जाते, थोडा ताण पडला तरी तिथे बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांवरून लघवी गेली की झोंबते. धार मात्र तीन ठिकाणी अडू शकते: कातडीच्या आवळलेल्या तोंडाशी, तिच्या आत लघवीच्या छिद्राशी किंवा त्याहून आत मूत्रमार्गात, कारण हा आजार छिद्रापर्यंत आणि तिथून आतही पसरतो. पहिल्या ठिकाणी अडत असेल तर सुंतेने प्रश्न सुटेल. उरलेल्या दोन ठिकाणी अडत असेल तर नुसत्या सुंतेने धार सुधारणार नाही आणि उशीर होईल तितका मार्ग अरुंद होत जाईल. कातडी मागेच सरकत नसल्याने यातले नेमके काय आहे, हे आज बाहेरून कोणालाही दिसणार नाही.

म्हणून याच आठवड्यात युरॉलॉजिस्टकडे जा आणि सुंतेची तारीख ठरवून या. तारखेआधी युरोफ्लोमेट्री करून घ्या. यात यंत्रावर बसवलेल्या भांड्यात लघवी करायची असते आणि सेकंदाला किती मिलिलिटर लघवी येते त्याचा आलेख निघतो. तुमच्या वयात तो वेग साधारणपणे १५ च्या वर जायला हवा. कातडी आवळलेली असल्याने आज तो कमी येईलच, म्हणून जखम भरल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची. तेव्हाही धार मंद राहिली, तर अडथळा आत आहे हे कळेल आणि मूत्रमार्गाचा एक्स-रे काढावा लागेल. शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्र नीट पाहण्याची आणि काढलेली कातडी पॅथॉलॉजी तपासणीला पाठवण्याची विनंती डॉक्टरांना आधीच करून ठेवा. या आजारात लिंगाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून ती कातडी टाकून देता कामा नये. आणि मधुमेहासाठी रक्तातील साखरही तपासून घ्या, कारण मधुमेहातही कातडीला अशाच चिरा पडतात.

मलमांचा नाद आता पुरे. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र स्टिरॉइड मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज एकदा, महिना ते तीन महिने लावले, तर सुरुवातीच्या अवस्थेत चांगला गुण येतो. पण कातडी इतकी कडक झाल्यावर मलमाने ती पुन्हा मऊ होण्याची आशा फारशी उरत नाही, आणि दुकानातल्या स्टिरॉइड, जंतुनाशक, बुरशीनाशक अशा मिश्रणाच्या ट्यूबा या आजारासाठी नाहीतच. जोर लावून कातडी मागे ओढू नका; ती मागे अडकून राहिली तर टोक सुजते आणि तातडीने रुग्णालयात धावावे लागते.

सुंता बहुधा त्या भागापुरती भूल देऊन होते, त्याच दिवशी घरी येता येते आणि टाके आपोआप विरघळतात. थोडी कातडी ठेवा, असे डॉक्टरांना सुचवू नका, कारण उरलेल्या कातडीत हा आजार पुन्हा उद्भवू शकतो.

आईची समजूत घालण्याची गरजच नाही, कारण एकेचाळीस वर्षांच्या मुलाची ही शस्त्रक्रिया तिला कळण्याचे काही कारण नाही. पत्नीला मात्र तारीख ठरायच्या आधी सांगा, कारण चार ते सहा आठवडे संबंध टाळावे लागतील. हा आजार संसर्गजन्य नाही, तो तुम्हाला कोणाकडून लागलेला नाही आणि त्यांना तुमच्याकडून लागणार नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकावे, म्हणून त्यांना तपासणीला सोबत न्या.

बरे झाल्यावरही टोकावर पांढरे डाग दिसले तर काही काळ मलम लागेल, आणि तिथे गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवायचे. दरम्यान लघवी पूर्ण अडली, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.