‘इश्मिअना हुव्वा?’

प्रश्न: इंग्रजी गोष्टीतला बहीणभावाच्या भांडणाचा छोटा प्रसंग बोली अरबीत करायचा आहे. ‘दॅट्स नॉट फेअर’ला काय म्हणू? आणि पुस्तकी अरबी चालेल का?

पुस्तकी नको. मी ही चूक कैरोत केली होती. प्रसंग असाच होता. भावाने पेन घेतलंय, बहीण ओरडते, तो नाकारतो, ती आईकडे जाते. मी त्याच्या तोंडी ‘लम् आखुझ्हु’ घातलं, म्हणजे ‘मी ते घेतलं नाही’. व्याकरण चोख होतं. घरमालकिणीची दहा वर्षांची मुलगी ते वाचून म्हणाली, हा मुलगा बातम्या देतोय का?

मग तिने आणि तिच्या भावाने ते भांडण मला करून दाखवलं. बहीण म्हणाली, ‘हात इल्-अलम! दा बताई!’ (आण ते पेन! माझंय!) कलमचा ‘क’ कैरोत गळतो. भाऊ म्हणाला, ‘मा खद्तूश!’ नकार क्रियापदाच्या दोन्ही बाजूंनी येतो, आधी ‘मा’ आणि शेवटी ‘श’. पण तो शपथेवर आला तेव्हा म्हणाला, ‘वल्लाहि मा खद्तुह!’, आणि शेवटचा ‘श’ गेला. हे मला कुठल्याही वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. ती ‘हऊल लि-मामा’ (मामाला, म्हणजे आईला सांगते) म्हणाली, तसा तो ओरडला, ‘या फत्ताना!’ म्हणजे चुगलखोर.

आता तुमचं वाक्य. ‘हाज़ा लैसा अद्लन्’ हे शब्दशः बरोबर आहे, पण भांडणारं पोर तसं बोलत नाही. आई भावाची बाजू घेते तेव्हा मुलगी म्हणते, ‘इश्मिअना हुव्वा?’ म्हणजे ‘त्यालाच का?’. न्यायाची तक्रार मुलं तुलनेतूनच करतात, आपल्याकडचीही.

इंग्रजीतलं ‘यू’ तपासा. भावाला ‘इन्ता’, बहिणीला ‘इन्ती’, गप्प बस म्हणायचं तर ‘उस्कुत’ आणि ‘उस्कुती’. मूळ गोष्टीत कोण कोणाला बोलतंय हे धूसर असेल तर आधी ते ठरवावं लागेल. आणि बोली एकच धरा. ‘दा बताई’ कैरोचं, ‘हायदा इली’ बैरुतचं. दोन्ही एकाच मुलाच्या तोंडी म्हणजे मालवणी आणि वऱ्हाडी एका वाक्यात.

परत आल्यावर पुण्यातल्या आमच्या सरांनी याच संवादांना गुण कापले. ‘ही भाषा नव्हे’ म्हणाले. मी तेव्हा गप्प बसले. आज सांगते, निवेदन फुस्हात म्हणजे प्रमाण अरबीत आणि संवाद बोलीत ही अरबी कथालेखनात जुनी, रुळलेली पद्धत आहे.

हो, इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूज संवादही प्रमाण अरबीतच लिहीत, आणि त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. शालेय संग्रहासाठी करत असाल तर संपादकाला आधी विचारा. पण महफूज यांची ती वाक्यं मोठ्याने वाचा. शब्द प्रमाण असले तरी त्यांची घडण कैरोच्या बोलण्याची आहे. सरांना मी तेव्हा हेच दाखवायला हवं होतं.