पाळणा वर अडकला आणि रिपोर्ट मला लिहायचाय

प्रश्न: मॅडम, मी जत्रेत आकाशपाळणा चालवतो. रविवारी रात्री आमचा जनरेटर बंद पडला आणि पाळणा मधेच थांबला, ३१ माणसं वर, शेवटचा माणूस उतरायला तासभर लागला. एका बाईंना चक्कर आली, एका पोराचा हात खरचटला. दोन दिवस आधीच मी मालकांना व्हॉट्सॲप केलेलं की जनरेटर झटके मारतोय, ते म्हणाले जत्रा उरकू दे. आता पोलीस स्टेशन आणि तहसील दोन्हीकडे लेखी रिपोर्ट द्यायचाय. मालक म्हणतात लिही महावितरणची लाईट गेली, कोणाला काही झालं नाही, आणि मागच्या आठ दिवसांचं चेकिंग रजिस्टर पण आजच भरून सही कर. काय करू?

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी रजिस्टर. त्याला हात लावू नका. आठ दिवस कोरे असतील तर कोरेच राहू द्या. कोरं रजिस्टर हा फार तर हलगर्जीपणा होतो, पण आज बसून मागच्या तारखा टाकल्या तर तो खोटा पुरावा तयार करणं होतं, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला कलम २२९ आहे, शिक्षा मूळ गुन्ह्यापेक्षा किती तरी जास्त. एकाच पेनानं एकाच हातानं आठ सह्या केलेलं पान तपास करणाऱ्याला लगेच कळतं, आणि सही तुमची असणार, मालकांची नाही.

लाईट गेली असं लिहायचं नाही. सबस्टेशनला कुठला फीडर कधी बंद झाला याची नोंद असते, पोलिसांनी एक पत्र दिलं की उत्तर मिळतं. आणि त्या रात्री खालून लोकांनी व्हिडिओ काढलेच असणार, त्यात मागे रसाच्या गाड्यावरचे बल्ब चालू दिसले की तुमचा अख्खा रिपोर्ट खोटा ठरतो, त्यातलं खरं पण कोणी मानत नाही.

आता तुमच्यावर काय येऊ शकतं ते सांगते. कलम २८९, मशिनरीबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात मशीन ज्याच्या ताब्यात आहे तोही येतो आणि ज्याच्या देखरेखीखाली आहे तोही, म्हणजे मालक आणि तुम्ही दोघं. 'मशीन माझं नाही' एवढ्यानं सुटका नाही. जखम झाली म्हणून कलम १२५ पण लागू शकतं. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्यामुळे घाबरून गाव सोडू नका, पोलिसांनी हजर राहायची नोटीस दिली तर वेळेवर जा. नोटीस पाळली तर सहसा अटकेची वेळ येत नाही.

खरी मेख मात्र वेगळीच आहे आणि बहुतेक ऑपरेटर तिथेच फसतात. पोलिसांसमोर दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. पण मालकांना लिहून दिलेल्या कागदाला हे संरक्षण नाही. 'माझ्याकडून चूक झाली, मी लक्ष दिलं नाही' असं मालकांच्या नावानं लिहिलंत तर उद्या तेच पान मालकांचे वकील तुमच्यासमोर ठेवतील. म्हणून मालकांना एक आणि सरकारला दुसरा असे दोन रिपोर्ट करायचेच नाहीत. एकच मजकूर, वर तिघांची नावं: मालक, पोलीस निरीक्षक, तहसीलदार. त्यात काय घडलं तेवढंच, कोणाची चूक ते नाही.

काय घडलं म्हणजे काय, तर जे तुम्ही स्वतः पाहिलं, ऐकलं, केलं. जनरेटर बंद पडला हे तुम्ही पाहिलंय, लिहा. डिझेल फिल्टर चोकअप झाला हा अंदाज आहे, कारण अजून तो कोणी उघडलेला नाही, म्हणून लिहू नका. आणि कृपा करून तो फिल्टर बदलू नका, जनरेटर परत चालू करून बघू नका, पंचनामा होईपर्यंत आहे तसा राहू द्या. मालक मेकॅनिक घेऊन आलेच तर तसं लगेच पोलिसांना लेखी कळवा, कारण नंतर पुरावा गायब केला हा आरोप दोघांवरही येतो.

वेळा आठवणीवरून टाकू नका, फोनच्या कॉल लॉगमधून घ्या. समजा लॉग असा निघाला तर रिपोर्ट असा दिसेल:

'रात्री ८.४१ च्या सुमारास जनरेटर बंद पडला व पाळणा थांबला. मी लगेच ब्रेक लावला व माईकवरून कोणीही उठू नका असं सांगितलं. ८.४७ ला मालकांना फोन केला. जनरेटर दोनदा चालू करून पाहिला, झाला नाही. ८.५८ ला ११२ ला फोन केला. त्यानंतर चार कामगारांनी हातानं चाक फिरवून पाळणे एकेक करून खाली आणले. शेवटची व्यक्ती ९.४६ ला उतरली.'

८.४१ ते ८.५८ ही १७ मिनिटं, तुम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येणार. तेवढ्यात काय काय केलंत ते मिनिटवार लिहा, आणि मालकांनी फोनवर 'थांब, ११२ ला करू नको' असं म्हटलं असेल तर तेही त्यांच्याच शब्दांत. उतरवताना एका बाजूचेच पाळणे रिकामे केले की चाक जड बाजूला ओढतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुम्ही समोरासमोरचे आलटून पालटून उतरवले असतील तर ते जरूर लिहा, त्यातून तुम्ही काळजी घेतली हे दिसतं. चक्कर आलेल्या बाई आणि खरचटलेला पोरगा दोघांचाही उल्लेख करा, कुठे उपचार झाले त्यासकट. ते लपवलं आणि दवाखान्याचा कागद पुढे आला तर सगळंच बिघडतं.

व्हॉट्सॲपचा मेसेज दुधारी आहे भाऊ, हे तुमच्यापासून लपवत नाही. मालकांना माहीत होतं हे त्यातून दिसतं, पण माहीत असून तुम्ही पाळणा चालवला हेही दिसतं. तरी माझं मत, लिहा. नंतर काढलात तर 'आधी का नाही बोललास' हा प्रश्न येईल. फक्त एक ओळ: अमुक तारखेला मी मालकांना असा मेसेज केला, त्यांचं उत्तर असं आलं, प्रत सोबत. पुढे टीका नको, कारण नको. ही ओळ तालुक्याच्या एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवूनच अंतिम करा, त्यांना तुमचे सगळे कागद बघता येतील, मला इथून येत नाहीत. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, मेसेज मूळ फोनमध्येच राहिला पाहिजे.

पोलिसांनी जबाबाला बोलावलं तर जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, पण ज्या उत्तरानं तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते द्यायला तुम्ही बांधील नाही. आणि तपासात घेतलेल्या त्या जबाबावर तुमची सही लागत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं म्हणतं, सही मागितली तर नम्रपणे हे सांगा.

रिपोर्टच्या चार प्रती काढा. पोलीस आणि तहसीलला देताना चौथीवर तारखेसह पोच घ्या. मालकांनी घ्यायला नकार दिला तर भांडत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती त्या चौथ्या प्रतीला टाचून घरी ठेवा, तंबूतल्या पेटीत नको.