माझ्याकडे ६ जीबीचं आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड आहे. ३०५० घेतलं तर गेम जास्त चांगले चालतील का? नंबर तर मोठा आहे.

नाही, बहुतेक गेममध्ये २०६०च पुढे राहतं. पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. ५० खालची, ६० मधली. एका पिढीच्या सुधारणेने ते अंतर दर वेळी भरून निघत नाही. इथे फरक मेमरीच्या वेगात स्पष्ट दिसतो: २०६०चा सेकंदाला ३३६ जीबी, ८ जीबीवाल्या ३०५०चा २२४. त्याच नावाने मिळणारं ६ जीबीचं ३०५० तर आणखी हळू आहे, त्यात कोअरही कमी आहेत. म्हणून दुकानात खोक्यावरची मेमरी आधी वाचा. ८ जीबीचा उपयोग होईल, पण टेक्श्चर वाढवल्यावर तुमचा गेम मध्येच अडखळत असेल तरच. त्यासाठी कार्ड बदलू नका, टेक्श्चर एक पायरी खाली आणा.